बाण कुठं जाते जी?

वनहक्क कायद्याच्या प्रशिक्षणाचं काम पोंभुर्णा आणि आजूबाजूच्या तालुक्यांत करताना माझ्याकडे फ्लोचार्टची चित्रं येत राहिली. काही मोबाइलवर आलेली, काही छापील पुस्तिकेतली, काही कार्यकर्त्यांनी संगणकावर काढलेली. विषय सगळ्यांचा एकच. जबरानजोत शेतकऱ्याचा वैयक्तिक दावा ग्रामसभेतून निघून हक्कपत्रापर्यंत कसा पोचतो आणि मध्ये अडला तर काय करायचं. त्यांतलं एक चित्र मोठं छापून गावागावांत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायचं ठरलं आणि निवड माझ्यावर आली. चाळता चाळता तीन उरली. तिन्ही चित्रांत मजकूर जवळपास सारखा होता, फरक होता तो मांडणीत. म्हणूनच त्यांची तुलना करण्यात अर्थ होता.

आधी ती वाट शब्दांत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ग्रामसभा वनहक्क समिती निवडते आणि दावे मागवते. त्यासाठी तीन महिन्यांची मुदत असते, ती ग्रामसभेला कारण नोंदवून वाढवता येते. समिती जागेवर जाऊन पडताळणी करते आणि ग्रामसभेपुढे अहवाल ठेवते. ग्रामसभा ठराव करते. ठराव उपविभागीय समितीकडे जातो, तिथून जिल्हा समितीकडे, आणि तिथं मान्य झाला की हक्कपत्र, म्हणजे लोकांच्या तोंडचा पट्टा. ही झाली सरळ वाट. ती कुणीही काढू शकतो आणि ती समजून घ्यायला चित्राची फारशी गरजही नसते.

गरज लागते ती आडवाटांसाठी. ग्रामसभेनं दावा नाकारला, तर ठरावाच्या तारखेपासून 60 दिवसांत उपविभागीय समितीकडे अपील करता येतं. उपविभागीय समितीनं विरुद्ध निर्णय दिला, तर पुन्हा 60 दिवसांत जिल्हा समितीकडे. पहिली पायरी गाळून थेट जिल्ह्याला जाता येत नाही. शिवाय तिसरा प्रकार आहे. ग्रामसभेचा ठराव अपुरा वाटला, आणखी तपास हवा असं दिसलं, तर वरच्या समितीनं तो दावा फेटाळायचा नसतो, फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो. हे 2012 च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे वरच्या समित्यांच्या निर्णयाच्या जागी तीन तोंडं फुटतात: पुढे, परत आणि नकार. परत आणि नकार हे दोन वेगळे आहेत, आणि नकाराला मुदतीचं घड्याळ लागलेलं आहे, हे ज्या चित्रातून कळत नाही ते चित्र माझ्या लेखी बाद.

आता ती तीन चित्रं.

पहिलं रकान्यांचं होतं. कागदावर चार उभे रकाने: डावीकडे दावेदार, मग ग्रामसभा आणि तिची समिती, मग उपविभागीय समिती, शेवटी जिल्हा समिती. ज्याचं काम त्याच्या रकान्यात. रंगीत, नेटकं, कार्यालयात टांगावं असं. नकाराच्या रेघा लाल, परतीच्या निळ्या. दुसरं एकदम साधं, वरून खाली एका सरळ रेषेत उतरणारं, काळं-पांढरं. तिसरं आडव्या कागदासाठी काढलेलं, प्रोजेक्टरच्या पडद्यावर मावेल असं. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, आणि जागा संपली की तिथूनच खाली वळून दुसरी ओळ उजवीकडून डावीकडे.

कार्यालयात बसून बघणाऱ्या बहुतेकांनी पहिलं पसंत केलं. मला वाटतं चित्र आवडणं आणि चित्र वाचता येणं यांचा संबंध अगदी थोडा आहे, म्हणून आवडीनिवडीचं मत मी विचारतच नाही. मी प्रश्न देते आणि बोट फिरवायला सांगते. प्रश्न असा: ‘ग्रामसभेनं तुमचा दावा नाकारला. आता कुठं जायचं आणि किती दिवसांत?’ किंवा ‘जिल्हा समितीनं कागद अपुरे म्हणून फाईल पाठवली. ती कुणाकडे येईल?’ वाचणाऱ्यानं सुरुवातीच्या चौकटीवर बोट ठेवायचं आणि उत्तरापर्यंत रेघेवरून न्यायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शेजारच्यानं चौकटीतला मजकूर वाचून दाखवायचा, पण बोट त्यांचंच. मी मध्ये बोलत नाही. बोट कुठं थबकलं, कुठं मागं आलं, कुठं चुकीकडे वळलं, एवढंच टिपते. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. एका चित्रावर उत्तर सापडलेल्या माणसाला दुसरं चित्र देऊन काही कळत नाही, कारण उत्तर आता त्याच्या डोक्यात असतं. तिन्ही चित्रांना वेगवेगळी माणसं लागतात.

पहिल्या चित्रात काय झालं ते जवळून सांगण्यासारखं आहे. ग्रामसभेनं दावा नाकारला की लाल रेघ डावीकडे दावेदाराच्या रकान्यात जायची, तिथं ‘अपील, 60 दिवस’ अशी चौकट. अपील करायचं उपविभागीय समितीकडे, म्हणजे त्या चौकटीतून रेघ पुन्हा उजवीकडे निघणार आणि ग्रामसभेचा रकाना ओलांडणार. त्याच रकान्यात खालून वर एक निळी रेघ चढत होती, फेरविचारासाठी परत आलेल्या दाव्याची. जिल्हा समितीकडून निघून कागदाच्या तळाशी डावीकडे येऊन ती ग्रामसभेच्या चौकटीला खालून टेकत होती. दोन्ही रेघा एकमेकींना छेदणारच. पुढे उपविभागीय समितीच्या नकाराची रेघ दावेदाराकडे येताना हीच निळी रेघ छेदत होती, आणि दावेदाराचं दुसरं अपील जिल्हा समितीकडे जाताना पुन्हा तीच. एकूण तीन छेद, तिन्ही ग्रामसभेच्या रकान्यात, एकाखाली एक.

पडद्यावर हे खुपत नव्हतं. लाल लाल राहते, निळं निळं. पण गावात चित्र पोचतं ते झेरॉक्सनं. झेरॉक्सवर लाल आणि निळा दोन्ही काळे होतात आणि छेदाच्या जागी उरतो एक चौरस्ता. एक मध्यमवयीन शेतकरी ‘अपील, 60 दिवस’पासून बोट घेऊन निघाले, पहिल्या छेदावर आले आणि थांबले.

“ताई, हा बाण कुठं जाते जी? वर जाते का सरळ जाते?”

मी गप्प. त्यांनी वर वळवलं. बोट ग्रामसभेच्या चौकटीत जाऊन थांबलं. “म्हणजे पुन्हा ग्रामसभेतच जा लागते.”

हे उत्तर चुकीचं आहे. पण ते ऐकायला बरोबर वाटतं, कारण फेरविचारासाठी दावा ग्रामसभेकडे येतो हे त्यांनी ऐकलेलं होतं. चुकीच्या वळणावर भलतंच, अशक्य काही निघालं असतं तर माणूस परत फिरला असता. इथं चुकीची वाटही पटण्यासारख्या जागी नेऊन सोडत होती. असा माणूस पुढच्या ग्रामसभेची वाट बघत बसतो आणि तोवर अपिलाचे 60 दिवस सरलेले असतात. 2012 नंतर 30 दिवसांची वाढ समितीच्या मर्जीवर मिळू शकते, पण मर्जीवर.

तांत्रिक आकृत्यांच्या जगात याचं उत्तर फार आधी ठरलेलं आहे. फ्लोचार्टच्या खुणांचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 5807 हे 1985 चं. त्यात दोन गोष्टी आहेत: वाचनाची दिशा डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली धरायची, आणि एकमेकींना छेदणाऱ्या रेघांचा आपसात काही संबंध नसतो. म्हणजे छेदावर कधी वळायचं नाही, सरळ जायचं. संगणक शिकलेल्याला हे अंगवळणी पडलेलं असतं. धानाच्या बांध्या आणि जंगलातल्या पायवाटा तुडवणाऱ्याला चौरस्ता म्हणजे वळण्याचीच जागा. त्याला मानक पाठ करायला लावण्यापेक्षा छेदच नको हे सोपं.

छेदांचा त्रास किती, यावर अभ्यास झाला आहे. 1997 मध्ये हेलन पर्चेस यांनी आकृत्यांच्या मांडणीचे निरनिराळे गुण वेगवेगळे करून तपासले: छेद, रेघांचे वाकडे मोड, सममिती वगैरे. समजण्यावर सगळ्यांत जास्त परिणाम छेदांचा दिसला, बाकीच्यांचा त्याहून कमी. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं की रेघा काटकोनाच्या जवळपास छेदत असतील तर त्रास कमी, आणि तिरक्या, अरुंद कोनात छेदत असतील तर जास्त. आमच्या पहिल्या चित्रातले तिन्ही छेद काटकोनातच होते. तरी बोट वळलं. पर्चेस यांच्या आकृत्या बिंदू आणि रेघांच्या होत्या, त्यात कुणाच्या वावराचा प्रश्न नव्हता. माझा अनुभव असा की छेद किती आहेत यापेक्षा तो कुठं आहे हे जास्त महत्त्वाचं. तीनपैकी दोन छेद कागदाच्या कोपऱ्यात असते तर कदाचित कुणाचं काही बिघडलं नसतं. हे मात्र नेमके नकाराच्या वाटेवर होते, आणि माणूस चित्राकडे येतो तो नकार हातात घेऊनच.

छेद दिसला की मी आधी विचारते, तो प्रक्रियेतला आहे की चित्रकारानं ओढवून घेतलेला? काही जोडण्या अशा असतात की कसंही काढा, छेद टळत नाही. तीन घरं, आणि प्रत्येक घराला पाणी, वीज, गॅस अशा तीन ठिकाणांहून रेघ, एकही रेघ दुसरीला न छेदता काढून दाखवा, हे शाळेतलं कोडं आठवत असेल. ते सुटत नाही. कोणत्या आकृत्या छेदाशिवाय काढता येतात आणि कोणत्या नाही, याची कसोटी पोलंडच्या कुरातोव्स्की यांनी 1930 मध्ये दिली. वनहक्काचा दावा त्या न सुटणाऱ्या जातीतला नाही. त्याच चौकटी, त्याच जोडण्या दुसऱ्या चित्रात एकाही छेदाशिवाय काढलेल्या होत्या. पहिल्या चित्रातले छेद रकान्यांनी आणलेले होते. दावेदाराचा संबंध तिन्ही पायऱ्यांशी येतो आणि त्याला एका टोकाच्या रकान्यात बसवलं, की त्याच्या प्रत्येक रेघेला मधले रकाने ओलांडावेच लागतात. रकान्यांचं चित्र ‘हे काम कुणाचं’ या प्रश्नाला छान उत्तर देतं. तहसीलमधल्या कर्मचाऱ्याला तोच प्रश्न असतो. दावेदाराचा प्रश्न असतो ‘आता पुढे काय’.

तिसऱ्या चित्रात छेद एकही नव्हता, आणि तरी ते तिन्हींत सगळ्यांत वाईट ठरलं.

पहिली ओळ ठीक वाचली जायची: दावे मागवणं, अर्ज, पडताळणी, ग्रामसभेचा ठराव. ठरावाची चौकट उजव्या टोकाला. तिथून बाण खाली उतरून उपविभागीय समितीकडे, मग डावीकडे जिल्हा समिती, आणि अगदी डावीकडे हक्कपत्र. आपण ओळ संपली की डावीकडून नवी ओळ सुरू करतो. वाचता येणाऱ्यांची नजर पहिली ओळ संपवून थेट दुसऱ्या ओळीच्या डाव्या टोकाला जायची, आणि तिथं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं: हक्कपत्र. ठराव झाला की पट्टा! दोन समित्या नजरेतून निसटल्याच. बाणांची टोकं बारीक होती, पण ठळक केली तरी फरक थोडाच पडला, कारण नजर बाणाच्या आधी पोचलेली असते. गंमत म्हणजे ज्यांना वाचता येत नव्हतं, ते या चित्रात कमी फसले. त्यांचं बोट रेघ सोडत नव्हतं. पुढे ज्या गावांत ‘ग्रामसभेनं ठराव दिला आता पट्टा आलाच’ असं ऐकलं, तिथं कोणतं चित्र फिरतंय ते मी आधी बघायला लागले.

कागद आडवा आहे म्हणून प्रक्रिया घडी घालून बसवायची, ही सवय पडद्यामुळे लागली आहे. मापात बसवायचंच असेल तर दुसरी ओळही डावीकडूनच सुरू करावी. पहिल्या ओळीच्या शेवटी एक छोटं वर्तुळ काढून त्यात ‘१’ लिहावं आणि दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला तसंच ‘१’चं वर्तुळ. लांब परतीची रेघ नको, उलटी ओळही नको. लोकांना हे चटकन समजतं.

उरलं दुसरं. वरून खाली, एकाही छेदाशिवाय. त्याची खुबी सांगते. मधल्या कण्यावर निर्णयाच्या तीन जागा: ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हा समिती. फ्लोचार्टमध्ये निर्णयाची जागा टोकावर उभ्या केलेल्या चौकोनानं दाखवतात. आमच्या प्रशिक्षणात त्याला सरळ शंकरपाळं म्हणतात आणि ते नाव आता इतकं रुळलं आहे की मीही तेच वापरते. शंकरपाळ्याला चार टोकं. वरच्या टोकातून आत यायचं, उरली तीन. या चित्रात खालचं टोक नेहमी मंजुरीचं, उजवं नेहमी नकाराचं, डावं नेहमी परतीचं. उजवीकडे ‘अपील, 60 दिवस’ची चौकट आणि तिथून रेघ खाली उतरून पुढच्याच समितीच्या वरच्या टोकाला उजवीकडून मिळते. डावीकडून परतीच्या दोन रेघा वर ग्रामसभेकडे जातात, उपविभागीय समितीची आतून, जिल्ह्याची तिच्या बाहेरून, म्हणून त्या एकमेकींना भेटत नाहीत. ग्रामसभेच्या शंकरपाळ्याला डावं टोक मोकळंच, कारण तिथून परत पाठवायला खाली कुणी नाही.

दिशेचा हा ठरलेपणा फार कामाचा ठरला. चित्राच्या पहिल्या एक तृतीयांश भागात माणूस एकदा शिकतो की उजवीकडे गेलं म्हणजे आपल्याला उठून काहीतरी करायचं आहे, डावीकडे गेलं म्हणजे ग्रामसभेनं पुन्हा बसायचं आहे. अपिलावरून प्रकरण परत आलं असेल तर ग्रामसभेनं 30 दिवसांत बसायचं असतं, तो आकडा डाव्या रेघेवर लिहिता आला. एका बाईंनी तर जिल्हा समितीपाशी आल्यावर अक्षर न वाचताच सांगितलं, “उजवीकडं चाललं, म्हणजे नाही म्हटलं.” पहिल्या चित्रात हेच नकार एकदा डावीकडे, एकदा खालून, एकदा वळसा घालून जात होते. ‘हो’ कधी खाली, कधी उजवीकडे. छेद नसते तरी तिथं अडचण राहिलीच असती.

इतकं सगळं जमलेलं हे दुसरं चित्र तसंच छापायला द्यायचं का? नाही. त्यातली सगळ्यांत मोठी खोट रेघांत नव्हती. ती वरच्याच एका शंकरपाळ्यात, मजकुरात होती.

दावा दाखल करण्याआधीची पात्रतेची पायरी तिथं होती आणि प्रश्न असा लिहिला होता: ‘75 वर्षांपासून जमीन ताब्यात आहे का?’ हो म्हटलं तर अर्ज, नाही म्हटलं तर बाहेर. आमच्या भागात गोंड कुटुंबांच्या शेजारी ढिवर, कुणबी, बौद्ध कुटुंबंही वनजमीन कसतात. कायद्यात या दोघांसाठी दोन रीती आहेत. अनुसूचित जमातीच्या दावेदाराला 75 वर्षांचा प्रश्नच नाही. त्याचा ताबा 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा असला पाहिजे. इतर पारंपरिक वननिवासींना ताब्याची तारीख तीच, पण त्याखेरीज त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या त्या भागात वास्तव्य आणि जंगलावर अवलंबून जगणं दाखवावं लागतं. पिढी 25 वर्षांची धरलेली, म्हणून 75 वर्षं. ही अट वास्तव्याची आहे. तोच तुकडा 75 वर्षं कसत असल्याची नाही.

त्या चित्रावर बोट ठेवून एक गृहस्थ म्हणाले, “आमचे आजे इथंच राहत होते, पण हे वावर बापानं काढलं. मंग आमचं नाही होत.” बोट ‘नाही’वरून सरळ बाहेर गेलं. कुठं अडलं नाही, थबकलं नाही, रेघ स्वच्छ. हा माणूस पात्र असू शकत होता. नीट काढलेल्या रेघेनं त्याला चटकन बाहेर नेऊन सोडलं. गुंतागुंतीच्या चित्रात तो निदान कुणाला तरी विचारायला थांबला असता.

तिसऱ्या चित्रात त्याच जागी नुसतं ‘पात्र?’ लिहिलेलं होतं. ते चुकीचं नाही, पण निरुपयोगी. एका तरुणानं बरोबर बोट ठेवलं: “आमी पात्र हाओ का नाही तेच तर इचाराले आलो.” शंकरपाळ्यातला प्रश्न असा हवा की समोर उभ्या माणसाला त्याचं उत्तर स्वतःजवळच्या माहितीवरून देता यावं. ‘पात्र’ हा निष्कर्ष आहे, तो काढायचा कुणी हे चित्र सांगत नाही.

पहिलं चित्र या बाबतीत बरं होतं, त्यात प्रश्न फोडलेला होता. आम्ही तो तिथून उचलला आणि दुसऱ्या चित्राच्या कण्यावर बसवला. आधी ‘दावेदार अनुसूचित जमातीचा आहे का?’ हो असेल तर सरळ खाली. नाही असेल तर उजवीकडे जादा शंकरपाळं: ‘13 डिसेंबर 2005 पूर्वी 75 वर्षं कुटुंबाचं वास्तव्य या भागात आणि पोट जंगलावर होतं का?’ तिथून हो म्हटलं की रेघ पुन्हा कण्याला मिळते आणि दोघांना एकच प्रश्न येतो: ‘जमिनीचा ताबा 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आहे का?’ इथं उजवीकडचा अर्थ पुढच्या भागासारखा ‘नकार’ होत नाही, हे आम्हाला खटकलं, म्हणून पात्रतेचा हा भाग एका वेगळ्या आडव्या रेषेनं वर तोडला आणि त्याला निराळं शीर्षक दिलं. छेद अजूनही शून्य.

75 वर्षांच्या शंकरपाळ्यातून ‘नाही’ निघतं तिथंही आम्ही बाहेरचा दरवाजा ठेवला नाही. ‘पुरावा नाही’ आणि ‘वास्तव्य नव्हतं’ यात फरक आहे, आणि बोटाच्या परीक्षेत लोक ‘कागद नाही’ म्हणून ‘नाही’ निवडताना दिसले. नियमांत दावेदाराखेरीज गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदवलेला जबाब पुरावा म्हणून चालतो, आणि एकाहून जास्त पुरावे जोडायचे असतात. म्हणून ‘नाही’च्या रेघेवर आधी एक चौकट आली: ‘कागद नसल्यास वनहक्क समितीशी बोला, वृद्धांचा जबाब चालतो.’

आणखी एक बारीक गोष्ट, नकारार्थी प्रश्नांची. एका शंकरपाळ्यात ‘ठरावात त्रुटी नाहीत ना?’ असं होतं. याला कुणी ‘हो, नाहीत’ म्हणतो, कुणी ‘नाही, नाहीत’. दोघांना म्हणायचं एकच, बोटं मात्र दोन दिशांना. ते ‘ठराव पूर्ण आहे का?’ केलं, प्रश्न मिटला.

कुणी विचारेल की सामूहिक दावाही याच तक्त्यात का घेतला नाही. शेजारच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये. तो विषय इथं सगळ्यांच्या तोंडी आहे, त्यामुळे मागणी साहजिक होती. आम्ही करून पाहिलं. सुरुवातीलाच ‘कोणता दावा?’ असं शंकरपाळं आलं, दोन कणे झाले, आणि दोन्ही कण्यांच्या परतीच्या रेघा एकाच ग्रामसभेकडे जायला लागल्या. छेद परत आले. सामूहिक दाव्यात 4 हेक्टरची मर्यादा नाही, सीमा ठरवताना शेजारच्या गावांशी बोलावं लागतं, ते प्रश्नच निराळे. त्याला वेगळा कागद लागतो, एवढं कळलं आणि आम्ही थांबलो.

छापण्यापूर्वीची शेवटची परीक्षा झेरॉक्सची. झेरॉक्सची झेरॉक्स काढायची, तिचा मोबाइलवर फोटो घ्यायचा, तो व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि पलीकडे पोचलेल्या चित्रावर बोटाची परीक्षा घ्यायची. जिथं ‘हो’ आणि ‘नाही’ ही अक्षरं रेघेला चिकटून पुसट होतात, तिथं ती रेघेच्या बाजूला थोडी दूर आणि जाड करावी लागतात. परतीच्या रेघा रंगाऐवजी तुटक केल्या तर वेगळ्या ओळखू येतात, पण तुकडे लांब हवेत, बारीक ठिपके झेरॉक्सवर विरतात. बाणाचं टोक फक्त शेवटी न देता लांब रेघेच्या मध्येही एकदा द्यावं, विशेषतः खालून वर जाणाऱ्या रेघेवर, कारण ती वाचनाच्या दिशेविरुद्ध जाते.

तयार तक्त्यालाही एक फांदी नंतर जोडावी लागली. कायद्यानुसार जिल्हा समितीचा निर्णय अंतिम होता, म्हणून जुन्या सगळ्या चित्रांत उजवीकडची शेवटची रेघ ‘समाप्त’मध्ये जाते. मे 2020 मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांच्या अधिसूचनेनं अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना विभागीय समितीकडे अपिलाची सोय झाली. आमच्याकडे दोन्ही प्रकारची गावं येतात, त्यामुळे तिथं आता एक शंकरपाळं आहे: ‘गाव अनुसूचित क्षेत्रात आहे का?’ याचं उत्तर मात्र दावेदाराला नेहमी माहीत नसतं. म्हणून तक्ता देताना त्या जागी गावाचं उत्तर आम्ही आधीच पेननं भरून देतो.

तुमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर असा तक्ता असेल तर एकदा जवळ जाऊन बघा. ग्रामसभेचा कोरम दोन तृतीयांश लिहिला असेल, तर तो 6 सप्टेंबर 2012 च्या सुधारणेआधीचा आहे. आता कोरम निम्म्या सभासदांचा आहे, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका हव्यात. ‘75 वर्षांचा ताबा’ लिहिलं असेल तर तेही चूक. असा तक्ता, रेघा कितीही सुंदर असोत, काढून टाका.